‘सीएसटी’ टाकलं की अर्धेच फोटो येतात: एकाच इमारतीच्या स्कॅनचा कॅटलॉग पुन्हा पुन्हा का बिघडतो

लक्षण ओळखीचं आहे. संशोधक शोधाच्या चौकटीत ‘सीएसटी’ लिहितो आणि समोर येतात ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले रंगीत फोटो. जुनं ड्रॉइंग एकही नाही. ‘व्हीटी’ लिहिलं की काही काळे-पांढरे फोटो येतात. रोमन लिपीत ‘Victoria Terminus’ लिहिलं की त्यातले काही गायब होतात आणि भलतेच काही उगवतात. मग कुणीतरी वैतागून दिवसभर बसतं, Find and Replace चालवतं, सगळं एकसारखं करून टाकतं. पुढची पेटी स्कॅन होऊन आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वास्तुसंवर्धनाच्या कामातून जमा झालेल्या एका खासगी संग्रहाचा कॅटलॉग मी बघते. त्यात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीचा गठ्ठा मोठा आहे: ट्रेसिंग कापडावरची ड्रॉइंग, त्यांच्या ब्लूप्रिंट, अल्बममधून सुटलेले फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि अलीकडच्या पाहणीचे डिजिटल फोटो. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या संग्रहात हाच त्रास होतो, पण या एका इमारतीत तो सगळ्या बाजूंनी दिसतो, म्हणून उदाहरण हेच घेते.

बिघाड नेमका कुठे आहे

सगळ्यांचं पहिलं मत असतं की टंकलेखन ढिसाळ झालंय. ते होतंच, पण मूळ दुखणं ते नाही. दुखणं असं आहे की इमारतीचं नाव प्रत्येक फोटोच्या ओळीत हाताने लिहिलं जातं आणि लिहिणारा प्रामाणिकपणे समोरच्या कागदावर जे आहे तेच लिहितो. कागदावरचं नाव मात्र कागद कधीचा आहे त्यावर ठरतं.

वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या या इमारतीचं काम १८७८ला सुरू झालं आणि सुमारे दहा वर्षं चाललं. ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव मिळालं १८८७मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. म्हणजे बांधकाम चालू असतानाच्या बहुतेक ड्रॉइंगवर हे नाव असायचं कारणच नाही. तिथे ही इमारत बांधणाऱ्या जी.आय.पी. रेल्वे कंपनीचं नाव असतं, नाहीतर ‘बोरी बंदर’. पुढे १९९६मध्ये ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ झालं आणि २०१७मध्ये त्यात ‘महाराज’ आलं. मधल्या काळात, २००४ला, जागतिक वारसा यादीत नोंद झाली ती ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस (पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस)’ अशी, त्यामुळे परदेशी संशोधक आजही तेच नाव घेऊन येतात. लोकांच्या तोंडी व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी ही तिन्ही रूपं एकाच लोकलच्या डब्यात ऐकू येतात. त्यात देवनागरीतल्या लेखनाचे प्रकार मिळवा: व्ही.टी., व्ही. टी., व्हीटी, विक्टोरिया, व्हिक्टोरिया. एका इमारतीची इतकी नावं झाली आणि त्यातलं एकही चुकीचं नाही.

म्हणूनच Find and Replace हा उपाय नाही. एक तर कागदावर मुळात काय लिहिलं होतं ते त्यात कायमचं पुसलं जातं आणि तेच तर तारीख ठरवायला उपयोगी पडणार असतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ‘बोरी बंदर’च्या जागी सरसकट ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ घातलंत की दोन वेगळ्या इमारती एक होतात. १६ एप्रिल १८५३ला ठाण्याकडे पहिली गाडी सुटली ती बोरीबंदरच्या मूळ स्थानकातून. आजची इमारत त्याच परिसरात नंतर उभी राहिली आणि मुंबईकर तिलाही कित्येक वर्षं ‘बोरीबंदर’च म्हणत राहिले. तेव्हा फोटोमागे ‘Bori Bunder’ लिहिलेलं असेल तर ते जुनं स्थानक असू शकतं, नवं असू शकतं, किंवा नुसता तो भाग असू शकतो. कुठलं ते चित्र बघूनच ठरतं.

दुरुस्ती: इमारतीला स्वतःची नोंद द्या

उपाय एका वाक्यात सांगायचा तर, फोटोच्या ओळीत इमारतीचं नाव लिहायचंच नाही. तिथे फक्त इमारतीचा क्रमांक घालायचा. सगळी नावं, त्यांची सगळी रूपं आणि ती कधीपासून कधीपर्यंत चालली हे सगळं एका वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहायचं. ग्रंथालयवाल्यांकडे लेखकांच्या नावांसाठी अशी प्रमाण-नोंदींची पद्धत फार पूर्वीपासून आहे. आपण इमारतीसाठी ती वापरत नाही, एवढंच.

आमच्याकडे हा तक्ता `vastu` नावाच्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये आहे. त्यातल्या शोधाला लागणाऱ्या रकान्यांचा नमुना असा:

```
id,naav,itar_naave
V001,छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस,"Victoria Terminus; VT; व्हीटी; CST; सीएसटी; CSMT; Bori Bunder; बोरी बंदर; बोरीबंदर"
V002,बोरीबंदरचे मूळ स्थानक,"Bori Bunder; Bori Bandar; बोरी बंदर; बोरीबंदर"
V003,महापालिका मुख्यालय,"Municipal Corporation Building; BMC"
V000,इमारत ठरलेली नाही,
```

‘Bori Bunder’ दोन ओळींत आहे ते मुद्दाम. शोधणाऱ्याने बोरीबंदर लिहिलं तर त्याला दोन्ही इमारतींच्या वस्तू दिसल्या पाहिजेत. कुठली त्याच्या कामाची, ते तो ठरवेल. नोंद करणाऱ्याला मात्र V001 की V002 हे ठरवावंच लागतं आणि ठरत नसेल तर V000 घालावं लागतं.

फोटोच्या ओळीत दोन रकाने राहतात. एकात इमारतीचा क्रमांक. दुसऱ्यात कागदावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, त्याच लिपीत, चुकीच्या स्पेलिंगसकट. या दुसऱ्या रकान्याला कुणीही हात लावायचा नाही, सुधारणा म्हणूनसुद्धा नाही. या नियमावरून आमच्याकडे बरीच वादावादी झाली आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, “अहो, चुकीचं स्पेलिंग जपून काय मिळणार?” मिळतं हे की ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं नाव त्या ड्रॉइंगचं वय सांगतं. ‘Victoria Terminus’ असं मूळ शाईत असेल तर ते १८८७च्या आधीचं असण्याची शक्यता जवळजवळ संपते. तेच नाव पेन्सिलीत, वेगळ्या हस्ताक्षरात असेल तर ते मागाहून कुणीतरी घातलेलं असू शकतं. आम्ही तसं टिपणात लिहून ठेवतो.

आता शोधाचा भाग. क्रमांक टाकून भागत नाही, कारण संशोधक काही ‘V001’ लिहून शोधणार नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या नोंदीतली पर्यायी नावं शोधात घेण्याची सोय असेल तर ती चालू आहे की नाही ते आधी बघा. बऱ्याचदा ती सोय असते आणि बंद असते. सॉफ्टवेअर साधं असेल किंवा सगळा कारभार स्प्रेडशीटवर असेल, तर प्रकाशित करण्याच्या आधी सगळी नावं एका रकान्यात ओतून घ्या. तक्ते साफ करण्याच्या OpenRefine या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तक्ते वेगवेगळे प्रोजेक्ट म्हणून उघडायचे आणि फोटोंच्या तक्त्यात क्रमांकाच्या रकान्यावरून नवा रकाना तयार करायचा:

```
with(cell.cross("vastu","id")[0], r, r.cells["naav"].value + "; " + forNonBlank(r.cells["itar_naave"].value, v, v, ""))
```

हा रकाना फक्त शोधासाठी. तो हाताने भरायचा नाही, दर वेळी नव्याने तयार करायचा. उद्या नाव पुन्हा बदललं तर `vastu` मध्ये एक ओळ सुधारायची, हा रकाना पुन्हा काढायचा, झालं. फोटोंच्या हजारो ओळींना धक्का लागत नाही. कॅटलॉग वारंवार बिघडण्याचं चक्र तुटतं ते इथे.

OpenRefine ची गोष्ट निघालीच आहे तर त्यातल्या `Cluster` बद्दल सांगते, कारण बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. त्यातली `fingerprint` पद्धत मोकळ्या जागा, विरामचिन्हं, लहान-मोठी अक्षरं आणि शब्दांचा क्रम यांतले फरक बाजूला ठेवून सारख्या नोंदी एकत्र दाखवते. ‘Victoria Terminus’ आणि ‘terminus, Victoria’ ती एकत्र आणेल. पण ‘VT’ आणि ‘CST’ एकच आहेत हे तिला कसं कळणार? ते ज्ञान अक्षरांत नाही, इतिहासात आहे. तेव्हा `Cluster` ने टंकलेखनाचा कचरा झाडून घ्यावा, नावं जुळवायचं काम तक्त्याने करावं.

मराठीत आणखी एक सापळा आहे, डोळ्यांना न दिसणारा. ॲक्सेल हेगचं नाव घ्या. या इमारतीचा आराखडा १८७८मध्ये त्याने जलरंगात रंगवला, ते चित्र प्रसिद्ध आहे. आमच्याकडे त्याच्या छापील प्रती आहेत. ‘ॲक्सेल’ शोधलं की काही येत नव्हतं, समोर नाव दिसत असूनही. कारण ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो: एक अखंड अक्षर `U+0972`, आणि दुसरा ‘अ’ला चंद्र जोडून, म्हणजे `U+0905` आणि `U+0945`. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी अक्षरं वाटतात. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही ती एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानत नाही. संशय आला तर त्या रकान्यावर OpenRefine मधलं `Text facet` लावा. यादीत एकच नाव दोनदा दिसलं की समजायचं. मग:

```
value.replace("अॅ","ॲ")
```

पहिल्या अवतरणात सुटा प्रकार आणि दुसऱ्यात अखंड अक्षर चिकटवायचं. दोन्ही सारखी दिसत असल्याने इथेच गोंधळ होतो. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’, ‘ॲनेक्स’ असे शब्द ड्रॉइंगच्या शीर्षकांत सारखे येतात, तेव्हा हा बदल सगळ्या मराठी रकान्यांवर चालवा. अपवाद अर्थातच ‘जसंच्या तसं’ असलेल्या रकान्याचा. तिथे शोधासाठी वेगळी प्रत काढा आणि ती दुरुस्त करा.

दुसरी तक्रार: १८८०चं ड्रॉइंग २०१९मध्ये दिसतं

ही नावांइतकीच वारंवार येते. संशोधक सालाची चाळणी लावतो, १८७०-१८९०, आणि यादी रिकामी. सगळी ड्रॉइंग जाऊन बसलेली असतात स्कॅन झालेल्या वर्षात.

यामागे एकच गोंधळ आहे. आपल्यासमोर तीन वेगळ्या गोष्टी असतात: इमारत, इमारतीचं ड्रॉइंग किंवा फोटो, आणि त्या कागदाचा स्कॅन. प्रत्येकाला स्वतःचा कर्ता आहे आणि स्वतःची तारीख आहे. ‘तारीख’ असा एकच रकाना ठेवला की कुणी इमारतीची तारीख लिहितं, कुणी कागदाची, आणि काहीच लिहिलं नाही तर सॉफ्टवेअर फाइलमधून स्कॅनची उचलतं. ‘कर्ता’ या रकान्यातही तेच. १९३० सालच्या फोटोवर कर्ता म्हणून स्टीव्हन्सचं नाव आमच्या जुन्या कॅटलॉगमध्ये सर्रास होतं. स्टीव्हन्स इमारतीचा वास्तुविशारद, फोटो कुणी दुसऱ्याने काढलेला. हेगच्या चित्राचा कर्ता हेग, आणि स्टीव्हन्स त्याच्या इमारतीच्या नोंदीत, V001ला. तसं ठेवलं की स्टीव्हन्स शोधणाऱ्याला इमारतीवरून सगळं मिळतं आणि स्टीव्हन्सच्या कचेरीतली खरी ड्रॉइंग शोधणाऱ्याला शेकडो पर्यटकी फोटो चाळावे लागत नाहीत.

ब्लूप्रिंटचा प्रश्न जरा नाजूक आहे. मूळ ट्रेसिंग १८८१चं आणि त्यावरून काढलेली ब्लूप्रिंट बरीच नंतरची असू शकते. कोपऱ्यात तारीख मात्र १८८१चीच छापली जाते, कारण ती ट्रेसिंगवरून उतरलेली. आम्ही ब्लूप्रिंटला स्वतंत्र नोंद देतो, मूळ ट्रेसिंगच्या नोंदीशी जोडतो आणि ब्लूप्रिंटची स्वतःची तारीख माहीत नसेल तर १८८१नंतरची एवढंच लिहितो. निळ्या कागदावर पांढऱ्या शाईने मागाहून बदल काढलेले असतील तर ही वेगळी नोंद विशेष कामाची ठरते. संवर्धनाच्या दृष्टीने ते बदलच महत्त्वाचे असतात.

फाइलमध्ये कुठली तारीख दडली आहे ते exiftool या साधनाने असं बघता येतं:

```
exiftool -r -csv -CreateDate -DateTimeOriginal -XMP-dc:Date . > tarikha.csv
```

`CreateDate` म्हणजे प्रतिमा डिजिटल झाली तो क्षण. नाव फसवं आहे आणि कॅटलॉगची कित्येक सॉफ्टवेअर त्याला भुलतात. आयात करताना हा रकाना ‘स्कॅनची तारीख’ याच्याशी जोडा. ‘वस्तूची तारीख’ फाइलमधून कधीच आपोआप घेऊ नका, ती माणसाने ठरवायची गोष्ट आहे.

ती ठरवायची कशी, हे एका फोटोवरून दाखवते. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागे शाईने ‘Bori Bunder, Bombay’, बाकी काही नाही. जुन्या नोंदीत तारखेच्या रकान्यात ‘जुना’ असं लिहिलं होतं. (‘जुना’, ‘ब्रिटिशकालीन’, ‘अंदाजे’ हे शब्द तारखेच्या रकान्यात दिसले की तो कॅटलॉग कुणी वापरत नाही असं समजावं.) चित्रात मधला घुमट पूर्ण आहे, त्यावर प्रगतीची पुतळी आहे, तेव्हा V002 बाद आणि V001 नक्की. म्हणजे काम जवळजवळ संपल्यानंतरचा फोटो. कडेला महापालिकेच्या मुख्यालयाचा पूर्ण झालेला मनोरा दिसतो. ती इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३मध्ये पुरी झालेली. तेव्हा १८९३च्या आधीचा नाही. रस्त्यावर ट्राम आहे, तिला घोडे जुंपलेत आणि वर तारा नाहीत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ला आली. म्हणजे फोटो १८९३ ते १९०७च्या मधला.

हे लिहायचं कसं? तारखा लिहिण्याची ईडीटीएफ नावाची पद्धत आहे, २०१९पासून आयएसओ ८६०१च्या दुसऱ्या भागात घेतलेली. तिच्यातली तीन-चार रूपं आपल्याला पुरतात:

```
1878/1888      या काळभर चाललेलं काम
[1893..1907]   या काळात कधीतरी एकदा
188X           १८८०च्या दशकातलं
1881~          सुमारे १८८१
```

पहिल्या दोन रूपांत गल्लत नेहमी होते. तिरकी रेघ म्हणजे काम त्या सबंध काळात चालू होतं. फोटो दहा-पंधरा वर्षं काढत बसत नाहीत, तेव्हा त्याला चौकटी कंस. अडचण अशी की चौकटी कंसाचं रूप या पद्धतीच्या वरच्या पातळीतलं आहे आणि बऱ्याच सॉफ्टवेअरना ते कळत नाही. म्हणून शेजारी दोन साधे रकाने ठेवा, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, नुसते आकडे: `1893`, `1907`. सालाची चाळणी यांवर चालते. आकडे इंग्रजीच ठेवा. एकाने १८९३ आणि दुसऱ्याने 1893 लिहिलं की चाळणी पुन्हा गळायला लागते. तिसऱ्या रकान्यात तारखेचं कारण एका ओळीत: ‘महापालिकेचा मनोरा पूर्ण; घोड्यांची ट्राम’. उद्या कुणाला वेगळा पुरावा सापडला तर काय खोडायचं ते त्याला कळतं.

आणि हे सगळं नीट करूनही फाइल एकदा एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली की पाणी फिरतं. एक्सेलला १९००च्या आधीच्या तारखा कळत नाहीत. `1887-05` तो मजकूर म्हणून तसाच सोडतो, पण `1903-05` दिसलं की त्याचं `May-03` करतो. म्हणजे एकाच रकान्यातला १९व्या शतकाचा भाग शाबूत आणि २०व्या शतकाचा बिघडलेला. बिघाड असा अर्धवट असल्यामुळे तो लवकर लक्षात येत नाही. ड्रॉइंगच्या शीट क्रमांकाचंही हेच. बारांपैकी तिसरी शीट म्हणून `3/12` लिहिलं की त्याची ३ डिसेंबर होते आणि फाइल जतन केल्यावर मूळ आकडा गेला. उपाय: फाइल डबल-क्लिकने उघडायची नाही, `Data` मधून `From Text/CSV` ने आणायची आणि प्रत्येक रकाना `Text` करायचा. शीट क्रमांक मुळातच `03-of-12` असा लिहिला तर काळजीच नको. देवनागरी मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसत असतील तर फाइल `CSV UTF-8` म्हणून जतन केलेली नाही, ते तपासा.

‘पुढचा भाग’, ‘डावी बाजू’

हे थोडक्यात. या इमारतीचा आराखडा इंग्रजी ‘C’सारखा आहे, पूर्व-पश्चिम अक्षाभोवती सममित. दर्शनी बाजू पश्चिमेकडे, मध्ये बाग, दोन्हीकडे पंख, मागे पूर्वेला रेल्वेची बाजू. अशा इमारतीत ‘डावा पंख’ म्हणजे कुणाचा डावा? बागेत उभं राहून बघणाऱ्याचा की इमारतीतून बाहेर बघणाऱ्याचा? ड्रॉइंगवाले आणि फोटोवाले इथे हमखास उलटसुलट लिहितात, आणि इमारत सममित असल्यामुळे चित्र बघून चूक पकडताही येत नाही. म्हणून नुसत्या दिशा: उत्तर पंख, दक्षिण पंख, पश्चिम दर्शन, पूर्व दर्शन. स्टार चेंबर म्हणून ओळखलं जाणारं तिकीट दालन उत्तर पंखात आहे, त्यावरून नव्या माणसाला पटकन दिशा लागते.

भागांची यादी आटोपशीर ठेवा. घुमट, मुख्य जिना, स्टार चेंबर, दोन पंख, फाटकाचे सिंह-वाघाचे खांब, फलाटाचं छत, असे पंधरा-वीस भाग पुरतात. यादीत नसलेलं काही लिहावंसं वाटलं तर ते वर्णनात लिहा. स्प्रेडशीटमध्ये या रकान्याला `Data Validation` ने यादी बांधून टाका, म्हणजे टाइप करायची सोयच राहत नाही.

काचेच्या निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन होतात, तो वेगळाच ताप. उत्तर पंखाचा दक्षिण होतो आणि सममितीमुळे कुणाला पत्ता लागत नाही. घड्याळाचे आकडे किंवा कुठल्याही पाटीवरची अक्षरं मोठी करून बघा. दोन्ही नसतील तर निगेटिव्ह पुन्हा हातात घेऊन इमल्शनची, म्हणजे प्रतिमेचा थर असलेली बाजू बघावी लागते. ती चकचकीत काचेपेक्षा मंद दिसते.

ड्रॉइंगच्या बाबतीत आणखी एक रकाना आम्ही वाढवला आणि तो संशोधकांना फार आवडला: आराखडा की झालेलं काम. हेगचं चित्र काम सुरू होण्याच्या सुमारास रंगवलेलं. ते इमारत कशी व्हायची होती ते सांगतं, कशी झाली ते नाही. हा फरक नोंदीत नसेल तर कुणीतरी चित्रातला तपशील खरा धरून नंतर तो ‘नष्ट झाला’ असं लिहून मोकळं होतं. ड्रॉइंगवर प्रस्तावित, कंत्राटाचं, दुरुस्तीचं की मोजणी करून काढलेलं, यातलं काय ते बहुतेक वेळा शीर्षकाच्या चौकटीतच मिळतं.

स्केलचं काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. कागदावर ‘८ फूट = १ इंच’ असेल तर तसंच लिहा, पण सोबत कागदाची प्रत्यक्ष लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये नोंदवा. स्कॅन पडद्यावर लहान-मोठा होतो, त्यावर फूटपट्टी लावून काही कळत नाही. मूळ कागदाचं माप असलं तरच त्यावरून मोजता येतं. तेही कागद आखडलेला नाही असं गृहीत धरून, म्हणून ड्रॉइंगवर रेखलेली मापपट्टी असेल तर ती स्कॅनमध्ये कापली जाऊ देऊ नका.

दुरुस्त झालं की नाही, ते कसं ओळखायचं

प्रत्येक नव्या पेटीनंतर आम्ही ठरावीक शोध चालवून बघतो. ‘व्हीटी’, ‘CST’ आणि ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ या तिन्हींची संख्या एकच आली पाहिजे. एकाची कमी आली तर शोधाचा रकाना नव्याने काढायचा राहिलाय. ‘बोरीबंदर’ची संख्या त्याहून जास्त आली पाहिजे, कारण त्यात V002 पण येतं. तेवढीच आली तर कुणीतरी जुनं स्थानक नव्यात मिसळलंय. १८७० ते १८९० या चाळणीत किमान काही ड्रॉइंग दिसली पाहिजेत. ‘स्टीव्हन्स’ कर्ता म्हणून शोधला की एकही फोटो येता कामा नये. मग तारखेच्या रकान्यावर `Text facet` लावून `May-03` छापाचं काही घुसलंय का ते नजरेखालून घालायचं. एवढ्याला फार वेळ लागत नाही आणि पेटी ताजी असते तोवर चूक कुणाची, कुठल्या लिफाफ्यातली, हे सगळं आठवत असतं.

V000 कधीच रिकामं होत नाही, आणि व्हायलाही नको. आमच्याकडे फोर्टातल्या कुठल्यातरी कमानीच्या कोपऱ्याचे, दगडी पानाफुलांचे जवळून घेतलेले फोटो आहेत. ते या इमारतीचे असतील किंवा शेजारच्या दुसऱ्या गॉथिक इमारतीचे. त्यांना घाईने V001 लावणं मोहाचं असतं, कारण गठ्ठा तिथला आहे. आम्ही गठ्ठा कुठला ते वेगळ्या रकान्यात लिहितो, इमारत V000 ठेवतो आणि शोधाच्या पानावर ‘इमारत ठरलेली नाही’ अशी स्वतंत्र चाळणी दिली आहे. गेल्या वर्षी दगडी कोरीवकामावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीच चाळणी उघडली आणि त्यातल्या काही फोटोंतले प्राणी-पक्षी जागेवर जाऊन जुळवून आणले. ते आता V003खाली आहेत, आणि तारखेच्या कारणासारखंच तिचं कारण एका ओळीत शेजारी लिहिलेलं आहे.